कढी फुटते ती उकळीच्या आधीच

कढी फुटली की दोष दह्याला दिला जातो आणि पातेले मोरीत रिकामे होते. खरे तर फुटलेली कढी नासलेली नसते. तिच्यातली प्रथिने पातेल्यातच असतात. बिघडतो तो फक्त त्यांचा पोत.

दुधातले केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दूध एकजीव दिसते. विरजणातल्या आम्लाने हा दुरावा संपतो आणि कणांची पाणी धरून ठेवणारी नाजूक जाळी तयार होते. तेच दही. घुसळल्यावर जाळीचे बारीक तुकडे ताकात तरंगतात. हे ताक तापवले की तुकडे आकसतात, पाणी सोडतात आणि एकमेकांना चिकटतात. मग वर पिवळसर पाणी आणि खाली चोथा.

बेसन इथे आड येते. त्यातल्या पिठूळ स्टार्चचे कण साधारण 65 ते 75 अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतात. ताक दाट होते आणि प्रथिनांच्या तुकड्यांना एकमेकांपर्यंत पोहोचणे अवघड जाते. पण त्याआधी कोरडे, जड बेसन तळाशी बसू पाहते. वरचे ताक राखणदाराविना राहते आणि तळ मात्र जास्त तापतो. कढी फुटते ती बहुधा याच वेळी. त्यामुळे पळी फिरवायची ती पातेले गॅसवर ठेवल्यापासून, तळ खरवडत, मध्यम आचेवर, कढी पळीला चिकटू लागेपर्यंत. उकळी दिसल्यावर सुरू केलेले ढवळणे उशिराचे.

आंबट दह्याची मदत वेगळ्या वाटेने होते. आंबटपणा स्वतः कढी सांभाळत नाही. मात्र आंबट दही चवीला थोडे पुरते. एक वाटी आंबट दह्यात तीन वाट्या पाणी आणि दोन मोठे चमचे बेसन थंड असतानाच घुसळले, तर प्रथिने विरळ आणि त्या मानाने बेसन भरपूर होते. गोड दह्याची चव यायला दही वाढवावे लागते, पाणी कमी पडते आणि तेवढेच बेसन अपुरे ठरते.

‘कढी उकळू देऊ नये’ हा घराघरातला नियम आपल्या पातळ, कमी बेसनाच्या कढीला लागू आहे. पंजाबी पकोडा कढीत बेसन जास्त असते, म्हणून ती बराच वेळ रटरटली तरी टिकते. आपल्याकडेही बेसनाचा कच्चा वास जायला कढी दाटल्यावर मंद आचेवर काही मिनिटे हवीतच. तेव्हा अधूनमधून ढवळले तरी चालते.

फुटलेली कढी थंड करून रवीने घुसळली तर चोथा बारीक होतो, पण आकसलेले कण पुन्हा पाणी धरत नाहीत. जिभेला रवाळपणा लागतोच. भातावर घेऊन ती खायला मात्र काहीच हरकत नाही.