बाबांना आयफोन नको



दिवाळीला मुलगा बंगळूरहून आला, तेव्हा स्वतःचा जुना आयफोन 12 वडिलांसाठी ठेवून गेला. "आई, बाबांचा फोन किती अडकतो! हा वापरू देत." आमचे हे निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांना फोन लागतो तो नातवाशी बोलायला, दोन-चार मित्रांना लावायला आणि संध्याकाळी जेवण आटोपलं की प्रवचनाचे व्हिडिओ बघायला. मला वाटलं, फुकट मिळतोय, छानच झालं. पण पंधरा दिवसांतच माझं मत बदललं.

अडचण एका बटणाची होती. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओची लिंक पाठवली की त्यावर बोट ठेवायचं, मग यूट्यूब उघडतं. व्हिडिओ बघून झाला, आता परत कसं यायचं? आयफोनला खाली 'मागे' जाण्याचं बटण नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ◀ WhatsApp असं येतं, त्यावर नेमकं बोट पडलं तर परत येता येतं. एरवी कडेवरून बोट सरकवायचं, तेही प्रत्येक ठिकाणी चालतंच असं नाही. ह्यांचं मोतीबिंदूचं एकच ऑपरेशन झालंय आणि बोटं थोडी थरथरतात. दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात हाक यायची, "अगं, हे कुठं गेलं?"

मुलाने फोनवरूनच AssistiveTouch चालू करायला सांगितलं. पडद्यावर एक तरंगता गोल येतो. त्याने मुख्य पडद्यावर जाता येतं, पण एक पाऊल मागे नाही. मुख्य पडद्यावरून पुन्हा व्हॉट्सअ‍ॅप शोधायचं, पुन्हा तो गट शोधायचा. ह्यांनी शेवटी व्हिडिओ बघणंच सोडलं आणि "डोळे दुखतात" असं कारण सांगू लागले. खरं कारण मला कळत होतं. माणसाला सारखं विचारायची लाज वाटते.

मग आम्ही 15 हजारांच्या आसपासचा सॅमसंगचा अँड्रॉइड घेतला. नवा आयफोन ह्याच्या कितीतरी पट किमतीला पडतो, आणि बोलणं नि व्हिडिओ ह्या दोन कामांसाठी त्या जादा पैशांत ह्यांना काय मिळणार, हा हिशेब मला काही जुळेना. (बी.कॉम.ची सवय, काय करणार!) पडदा मात्र ह्याचा मोठा, आणि प्रवचन बघणाऱ्याला तोच हवा. घरी आल्याबरोबर मी Settings, Display, Navigation bar असं जाऊन Buttons निवडलं. खाली तीन बटणं कायमची आली. मागे जायचं बटण ह्यांच्या आधीच्या फोनवर होतं त्याच जागी. त्या दिवसापासून हाका बंद.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकतर्फी बोलते. नातेवाइकांच्या गटात लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली, शेवटी .apk. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. ते बसलं की फोनवर येणारे संदेश, त्यात बँकेचा ओटीपीसुद्धा, चोराला वाचता येतो. ज्यांच्या नावाने ती आली त्यांचाच फोन आधी हातचा गेला होता. आयफोनवर .apk बसतच नाही, अँड्रॉइडवर बसू शकते. ह्यांनी दाबलंही होतं, पण मध्ये फोनने परवानगी विचारली म्हणून त्यांनी मला दाखवलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण पेन्शनचं खातं त्याच नंबरला जोडलेलं.

म्हणून अँड्रॉइड घेणार असाल तर देण्याआधी हे कराच. Settings मधल्या भिंगात unknown टाइप करा, Install unknown apps सापडेल. त्यात WhatsApp, Chrome, सगळ्यांसमोरचं बटण बंद करा. सॅमसंगवर Security and privacy मध्ये Auto Blocker असेल तर ते चालू ठेवा. एवढं करायला घरात कुणी नसेल, तर माझं मत उलटं आहे.

माझ्या नणंदबाई एकट्या राहतात, दोन्ही मुलींकडे आयफोन. त्यांना मी आयफोनच घ्या म्हटलं. अडलं तर मुली स्वतःच्या फोनवर बघून पायरी-पायरीने सांगू शकतात, शिवाय .apk ची धास्ती नाही. आमच्या घरात अडल्यावर धावणारी मी, आणि माझ्या हातात अँड्रॉइड.

मुलगा थोडा रुसला. "बाबांशी फेसटाइम करता आला असता," म्हणाला. मी म्हटलं, अरे, व्हॉट्सअ‍ॅपवर नातू तेवढाच दिसतो. त्याचा आयफोन 12 कपाटात आहे, पुढच्या खेपेला घेऊन जाईल.