कमोडची सीट भांड्याच्या मापाची हवी

कमोडची सीट तडकली की आपण ती वापरणाऱ्याच्या वजनाला किंवा स्वस्त प्लास्टिकला दोष देतो. चीर नेमकी कुठे पडली आहे, हे मात्र क्वचितच कुणी पाहतं. चेन्नईत अडयारमधल्या आमच्या भाड्याच्या घरातली सीट मागच्या बाजूला, बिजागरीजवळ उलली होती. बसलं की चीर उघडायची आणि उठताना मांडीला चिमटा बसायचा.

सीट उलटी करून पाहिल्यावर कारण कळलं. सीटच्या खाली चार रबरी बूट असतात. बसणाऱ्याचा भार त्यांच्यातून भांड्याच्या काठावर उतरतो. आमच्या सीटचे पुढचे दोन बूट काठाच्या बाहेर, अधांतरी होते. म्हणजे गोल भांड्यावर कुणीतरी लांबट सीट बसवली होती. पुढे आधार नसल्यामुळे सारा भार बिजागरीवर आणि मागच्या बुटांवर येत होता, आणि प्लास्टिकनं तिथेच हार मानली. जुनी सीट दाखवून तशीच नवी आणली असती, तर तीही तिथेच तडकली असती. म्हणून माप सीटचं घेऊ नये, भांड्याचं घ्यावं.

मापं तीन. पहिलं, मागच्या दोन भोकांमधलं अंतर. भोकाचा मध्य नजरेनं ठरवणं कठीण, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत टेप धरावी. भोकं सारख्या आकाराची असली की हेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर असतं. आमचं १५५ मिलिमीटर भरलं. दुसरं माप लांबीचं. दोन्ही भोकांच्या मध्यावर सरळ पट्टी ठेवायची आणि तिथून भांड्याच्या पुढच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं. ते ४२५ आलं. गोल भांड्यात ही लांबी साधारण ४२० च्या आसपास असते, लांबट भांड्यात ४७० च्या. तिसरं माप सर्वांत रुंद जागेचं, बाहेरून बाहेर. ते ३६० होतं.

आकार मात्र आकड्यांत पकडता येत नाही. लांबी-रुंदी तीच असली, तरी एक भांडं पुढे गोल असतं आणि दुसरं इंग्रजी ‘डी’सारखं चपटं. त्यासाठी काठावर वर्तमानपत्र पसरून पेन्सिलीनं बाहेरची कडा आणि भोकं उतरवून घ्यावीत. शेवटी भांड्याखाली हात घालून पाहावं. नट हाताला लागला, तर खालून आवळायची सीट चालते. बाजू बंद आणि गुळगुळीत असेल, तर वरून कसायची बिजागरी मागावी लागते.

पॅरीज कॉर्नरच्या परिसरातल्या दुकानात हा कागद बोलण्याच्या कामी आला. माझं तमिळ तिथवर पोहोचत नाही. दुकानदारानं सीट उलटी धरून कागदाशी ताडून पाहिली आणि बूट पेन्सिलीच्या रेषेच्या आत येतात का, ते दाखवलं. बिजागरीत थोडं सरकवायला जागा असते, त्यामुळे भोकांच्या अंतरातला लहान फरक खपतो. लांबीतला आणि आकारातला फरक खपत नाही.

जुनी सीट काढताना खरा अडसर गंजाचा. समुद्राची हवा आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी लोखंडी बोल्टला नटाशी जखडून टाकतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबावं, मग खालून पान्यानं नट धरून वरून बोल्ट फिरवावा. तरीही हलला नाही, तर काठाला चिकटपट्टी लावून हॅकसॉच्या पात्यानं तो कापावा. हातोडा मात्र मारू नये. सीट पुन्हा मिळते, पण भांडं तडकलं तर फरशी उखडावी लागते.

नवी बसवताना बोल्ट आणि भांडं यांच्यामध्ये रबरी वॉशर हवाच. आधी नट सैल ठेवून सीट पुढेमागे सरकवावी, काठाशी जुळून आली की हातानं घट्ट करावी आणि वर थोडासाच पीळ द्यावा. चेन्नईच्या पाण्याला प्लास्टिकचे नट-बोल्ट जास्त टिकतात.

मग प्रत्येक बुटाखाली कागदाची पट्टी ठेवून कुणाला तरी सीटवर बसायला सांगावं आणि पट्ट्या ओढून पाहाव्यात. जी सहज सुटून येते, त्या बुटावर भार येत नाही. बोल्ट सैल करून सीट जरा सरकवावी आणि पुन्हा पाहावं. आमच्या चारही पट्ट्या घट्ट अडकल्या, तेव्हाच मी खालचे नट शेवटचे आवळले. पंधरा-वीस दिवसांनी वॉशर दबून नट ढिले होतात. तेवढे एकदा पुन्हा हातानं कसले, की सीट डावी-उजवी सरकत नाही आणि बूट काठावरच राहतात.