हिबा पूर्ण झाला की नाही? एका प्रश्नाचे उत्तर

वकिलीच्या परीक्षेत मालमत्तेच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो. अमक्याने तमक्याला मालमत्ता बक्षीस दिली, नंतर अमका वारला, वारस भांडू लागले. तर बक्षीस कायदेशीररीत्या पूर्ण झाले काय? विद्यार्थी हे उत्तर पाठ करून मोकळे होतात. आपल्या व्यापारी घरांत मात्र हाच प्रश्न मय्यत उठल्यावर चाळीस दिवसांच्या आत उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दिवाणी कोर्टात वीस-वीस वर्षे शोधावे लागते. म्हणून आम्ही आज तो प्रश्न आपल्याच बाजारपेठेत आणून सोडवणार आहोत. माणसे कल्पनेतील आहेत, पण वाचकांना ती ओळखीची वाटतील.

नगरच्या कापड बाजारात दुकान असलेले एक गृहस्थ. पत्नी आधीच वारलेली. तीन मुलगे व एक मुलगी. पैकी मधला मुलगा अपघातात गेला, त्याचा नऊ वर्षांचा मुलगा मागे राहिला. थोरला पुण्याला स्थायिक, धाकटा बापाबरोबर दुकानात. मुलगी सासर सुटल्यामुळे वडिलांच्याच घरी झेंडीगेटला राहते. एका जुम्म्याला नमाजनंतर या गृहस्थांनी मोहल्ल्यातील दोन बुजुर्गांना घरी बोलावले व सर्वांसमक्ष सांगितले, "दुकान मी धाकट्याला दिले, राहते घर मुलीला दिले आणि सर्जेपुऱ्यातला भाड्याचा गाळा यतीम नातवाला दिला." मुलाने व मुलीने "कबूल" म्हटले. साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, बुजुर्गांनी सह्या केल्या. नोंदणी केली नाही. चौदा महिन्यांनी गृहस्थ वारले. आता थोरला म्हणतो की कागद नोंदलेला नाही, अब्बांनी ताबाही सोडला नाही, सबब सर्व मिळकत वारसाहक्काने वाटली पाहिजे.

नोंदणीचा मुद्दा आधी निकालात काढू. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२३ सांगते की स्थावराचे बक्षीस नोंदलेल्या व दोन साक्षीदारांच्या दस्ताने करावे. पण त्याच प्रकरणातील कलम १२९ मुस्लिम कायद्याचे नियम अबाधित ठेवते. हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने स्पष्ट जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. लेखाची गरज नाही. मग लेख केलाच, तर त्याची नोंदणी लागते काय, यावर हायकोर्टांत मतभेद होते. विशाखापट्टणमच्या एका बापाने १९६८ साली मुलाला लिहून दिलेल्या हिब्याचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या खटल्यात २०११ साली निकाल लागला की तीन अटी पुऱ्या झाल्या असतील तर केवळ कागद नोंदला नाही म्हणून हिबा बाद होत नाही. थोरल्याचा पहिला आक्षेप येथे संपतो. (१९६८ चा हिबा आणि २०११ चा निकाल, मध्ये त्रेचाळीस वर्षे गेली, हेही व्यापाऱ्याने हिशेबात धरावे.)

जाहीर करणे व स्वीकारणे यांत या प्रसंगी उणीव नाही. गृहस्थांनी "दिले" म्हटले, "माझ्यामागे तुझे" म्हटले नाही. हा फरक शब्दांचा वाटतो, पण त्यावर सारे अवलंबून आहे. "मी गेल्यावर हे तुझे" असे म्हणणे म्हणजे हिबा नव्हे, वसियत; आणि आपल्या सुन्नी हनफी कायद्यात वारसाला केलेली वसियत इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय चालत नाही. अशा बोलण्याने मुलीला वाटत राहते की घर आपले झाले, आणि मागाहून तिच्या हाती काहीच येत नाही.

राहिला कब्जा. खरे भांडण तेथेच आहे, आणि उत्तर तिन्ही मिळकतींना एक नाही.

घर घ्या. थोरला म्हणतो, अब्बा शेवटच्या दिवसापर्यंत त्याच घरात झोपले, मग ताबा कधी दिला? यावर मुंबई हायकोर्टाचा १८८४ सालचा शेख इब्राम विरुद्ध शेख सुलेमान हा जुना निकाल आजही सांगितला जातो. देणारा व घेणारा एकाच घरात राहत असतील तर देणाऱ्याने गाठोडे घेऊन बाहेर पडावे व घेणाऱ्याने उंबरा ओलांडून आत यावे, अशी नाटकी कृती कायदा मागत नाही. परंतु मालकी सोडल्याचे दाखवणारी काही उघड कृती मात्र पाहिजे. आमच्या गृहस्थांनी त्याच बैठकीत मूळ खरेदीखत मुलीच्या हातात दिले, पुढच्या महिन्यात नगर भूमापन कार्यालयात तिच्या नावाचा अर्ज दिला आणि घरपट्टी तिच्या नावे होऊन तीच भरू लागली. त्यानंतर ते त्या घरात राहिले ते मुलीकडे राहणारा बाप म्हणून. घराचा हिबा पूर्ण झाला, असे उत्तर द्यावे.

आता दुकान. धाकटा म्हणेल, मीही रोज दुकानातच होतो, घराला जो न्याय तोच मला लावा. हे ऐकायला बरोबर वाटते, पण टिकत नाही. बैठकीनंतरच्या चौदा महिन्यांत दुकानात काय बदलले ते पाहा. गल्ल्यावर अब्बाच बसत. जीएसटी नोंदणी त्यांची, बँकेतील चालू खाते त्यांचे, बिलबुकावर नाव त्यांचे, विजेचे बिल व महापालिकेची पट्टीही त्यांच्या नावे. धाकटा आधी महिन्याचा खर्च घेत होता, नंतरही तेवढाच घेत राहिला. शटरच्या किल्ल्या रात्री अब्बांच्या उशाशी. मग मालक कोण होता? एकत्र वावर असला तरी उघड कृती लागते, आणि येथे एकही नाही. दुकानाचा हिबा अपुरा राहिला.

यातले प्रत्येक कागदपत्र एकटे घेतले तर मालकी ठरवत नाही, हे खरे. पट्टी भरली म्हणून कोणी मालक होत नाही. पण कोर्ट ताबा डोळ्यांनी पाहू शकत नाही, ते अशाच खुणांवरून ताडते. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शेतजमिनीच्या तोंडी हिब्याच्या खटल्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिबा अमान्य केला. हिब्यानंतर वर्षानुवर्षे महसुली नोंदीत नाव बदलले नाही, ही गोष्ट ताबा न दिल्याची खूण म्हणून घेणारणीच्या विरुद्ध गेली. तोंडी हिबा चालतो, या एका वाक्यावर विसंबणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

गाळ्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आजोबांच्या आधी बाप वारला असेल आणि चुलते हयात असतील, तर नातवाला आजोबांच्या मिळकतीत वारसाहक्काने काही मिळत नाही. म्हणजे या नऊ वर्षांच्या मुलासाठी आजोबांनी हयातीत केलेला हिबा, किंवा एक तृतीयांशापर्यंतची वसियत, एवढेच मार्ग. येथे थोरला म्हणतो की भाडेकरू गाळ्यात बसला आहे व भाडे अब्बाच घेत होते. मुलाकडे कसला ताबा आला?

उत्तर मुलाचा पालक कोण यावर आहे. मालमत्तेपुरता कायदेशीर पालक पहिला बाप. बाप नसेल तर त्याने वसियतीने नेमलेला मनुष्य. तोही नसेल तर बापाचा बाप. आई या क्रमात नाही. येथे बाप मयत, त्याने कोणाला नेमलेले नाही, तेव्हा आजोबा स्वतःच पालक. पालकाने आपल्याच पाल्याला दिलेल्या वस्तूचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचा प्रश्न उरत नाही. देण्याचा प्रामाणिक इरादा जाहीर झाला की पुरे. स्वीकारही तोच पालक मुलाच्या वतीने करतो. शिवाय आजोबांनी बैठकीनंतर पोस्टात नातवाच्या नावे खाते काढून दरमहाचे भाडे त्यात भरले. इराद्याचा याहून चांगला पुरावा काय हवा? गाळा नातवाचा झाला.

पण गोष्ट थोडी बदलून पाहा. मुलाचा बाप हयात आहे, बाकी सर्व तसेच. तर उत्तर उलटते. मुंबई इलाख्यातून गेलेल्या मूसा मियाँ विरुद्ध कादर बक्ष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२८ साली हेच ठरवले. आजोबांनी नातवंडांना दिले, नातवंडांचा बाप त्याच घरात हयात होता, ताबा मात्र आजोबांकडेच राहिला. हिबा बाद झाला. बाप हयात असताना आजोबा पालक नसतात, मग ते नातवंडांना कितीही सांभाळत असोत. ताबा बापाच्या हाती दिला पाहिजे होता. गाळा भाड्याने असेल तर भाडेकरूला कळवून पुढचे भाडे बापाकडे वळवणे हाच ताबा.

थोरल्याकडे एक हत्यार उरते: अब्बा आजारी होते, हा मरणशय्येवरचा हिबा आहे. तसे ठरले तर मुलीला दिलेले घर इतर वारसांच्या संमतीवाचून टिकणार नाही, व नातवाचा गाळा एकूण मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच टिकेल. पण त्यासाठी ज्या आजाराने मृत्यू आला त्याच आजारात, मृत्यूच्या भीतीखाली दिलेले असावे लागते. जुना मधुमेह घेऊन वर्षभर रोज गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला ते लागू होणार नाही. गंमत अशी की अब्बा रोज गल्ल्यावर बसले ही गोष्ट धाकट्याला बुडवते आणि मुलीला व नातवाला तारते.

निकाल असा: घर मुलीचे, गाळा नातवाचे. दुकान वारसांत वाटले जाईल. पाच हिस्से करून थोरल्याला दोन, धाकट्याला दोन व मुलीला एक. ज्या मुलाने वीस वर्षे दुकान चालवले त्याला पाचातले दोनच मिळाले, आणि बापाची इच्छा तशी मुळीच नव्हती.

आमचे मत विचाराल तर दुकानाचा हिबा करणाऱ्या बापाने त्याच आठवड्यात किल्ली व गल्ला सोडावा. मुलाच्या नावे नवी जीएसटी नोंदणी, नवे बँक खाते, नवे बिलबुक, पट्टी व वीजबिलावर नावबदल, हे सर्व महिन्याभरात होण्यासारखे आहे. त्यानंतर बापाला दुकानात बसायचे असेल तर खुशाल बसावे, पण नफा मुलाच्या खात्यात जावा. एवढे सोडण्याची ज्याची तयारी नाही त्याने हिबा करूच नये. अर्धवट देण्याने भावाभावांत वैर तेवढे निर्माण होते. नोंदणी करावी काय? करावी, कारण बँक कर्ज देताना व भूमापन कार्यालय नोंद घेताना साध्या कागदावर अडून बसतात. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातवंडे यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, पण दुकान व गाळा या सवलतीत बसत नाहीत, त्यांचे शुल्क आधी विचारून घ्यावे. आणि नोंदलेला दस्त हाती असला तरी किल्ली बापाच्या उशाशीच राहिली, तर धाकट्याचे उत्तर आम्ही वर दिले तेच राहील.