आयोडीनचे दोन थेंब आणि त्यापुढचे दूध

जळगाव-धुळ्यात रतिबाच्या दुधावर शंका आली की आधी थेंब ओघळवून पाहतात. तिरप्या धरलेल्या गुळगुळीत ताटलीवर चांगल्या दुधाचा थेंब सावकाश उतरतो आणि मागे पांढरी रेघ सोडतो. पाणी घातलेला झरकन खाली जातो. पण हाच थेंब म्हशीच्या घट्ट दुधाचा की टोन्ड पिशवीतल्या पातळ दुधाचा, यावरही रेघ ठरते. म्हणून एकाच थेंबावरून दूधवाल्याला चोर ठरवणे मला पटत नाही. स्टार्चची चाचणी जास्त भरवशाची. दोन-तीन मिलीलिटर दूध उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला की स्टार्च आहे. गार करायचेच, कारण गरम दुधात तो रंग दिसत नाही. वाटीही स्वच्छ हवी. भाताची पेज लागलेल्या वाटीत चांगले दूधही निळे होईल. मात्र निळे झाले नाही म्हणजे दूध शुद्ध, असे मुळीच नाही. साखर, ग्लुकोज, युरिया यांनी आयोडीन निळे होत नाही. लॅक्टोमीटरही फसतो: पाण्याने आकडा उतरतो, साय काढली की चढतो, आणि दोन्ही केले तर जागेवर येतो. शंका टिकली तर अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ वर कळवा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार, विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगून ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळते.