ड्रोन घेताय? आधी बॅटऱ्या मोजा आणि एकर मोजा

सेनगाव, औंढा, कळमनुरी, कोणत्याही तालुक्यात जा, फवारणीच्या ड्रोनची चर्चा सुरू आहे. कुठे बचत गटाच्या ताईंना ड्रोन मिळालाय, कुठे विक्रेता बांधावर येऊन उडवून दाखवतोय. ते बघून बारावी झालेली, घरी तीन-चार एकर असलेली पोरं विचारतात, "काका, पाच लाख कर्ज काढून ड्रोन घेतला अन् भाड्यानं फवारला तर जमंल का?"

या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. हिशेब मांडावा लागतो, आणि तो ड्रोनच्या किमतीपासून नाही तर बॅटरीपासून सुरू होतो.

गरज खरी आहे

धंद्याला गिऱ्हाईक आहे, यात शंका नाही. दसऱ्याच्या सुमारास तूर डोक्याच्या वर गेलेली असते, तिच्यात पंप घेऊन शिरता येत नाही. सोयाबीनमध्ये अळी पडते तेव्हा नेमका चिखल असतो, ट्रॅक्टर आत जात नाही. फवारणीला मजूर मिळत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून पंप पाठीवर घेताना माणूस दोनदा विचार करतो. आज आपल्या भागात एकरी ४०० ते ५०० रुपये देऊन ड्रोनने फवारून घेणारे शेतकरी आहेत.

प्रश्न गिऱ्हाइकाचा नाही. दिवसाला किती एकर होतात, हा आहे.

एक बॅटरी, एक एकर

आपल्याकडे जास्त चालतो तो दहा लिटर टाकीचा ड्रोन. तो एका उड्डाणात साधारण एक एकर फवारतो. उडायला सात मिनिटं, उतरून औषध भरायला आणि बॅटरी बदलायला पाच मिनिटं, म्हणजे एकराला बारा मिनिटं. तासाला पाच एकर. विक्रेता हाच आकडा सांगतो, आणि तो खोटाही नाही.

पण उतरलेली बॅटरी तापलेली असते. ती आधी थंड होऊ द्यावी लागते, मग चार्जिंगला लावायची. थंड होणं आणि चार्ज होणं मिळून पाऊण ते एक तास जातो. तोपर्यंत दुसरी बॅटरी पाहिजे, मग तिसरी, चौथी, पाचवी. पाच सेट असतील तर पाचवा उतरेपर्यंत पहिला तयार होतो आणि काम थांबत नाही. दोनच सेट असतील तर तासाला दोनच एकर होतात, बाकीचा वेळ बांधावर बसून जनरेटरचा आवाज ऐकायचा.

त्यात फवारणीचा वेळ दिवसभराचा नसतो. सकाळी सहा ते दहा आणि उन्हं उतरल्यावर दीड-दोन तास. भर दुपारी बारीक थेंब पानावर पडायच्या आधीच वाळतो किंवा वाऱ्यावर जातो. म्हणजे दोन सेटवर दिवसाला दहा-बारा एकर आणि पाच सेटवर वीस ते पंचवीस एकर.

केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेतही हाच हिशेब धरलेला दिसतो. त्या पॅकेजमध्ये ड्रोनसोबतच्या बॅटरीशिवाय जादा चार सेट आहेत आणि दिवसाला वीस एकर काम धरलंय. पण बाजारात स्वस्त म्हणून जे कोटेशन हातात पडतं, त्यात बहुतेक वेळा एक किंवा दोनच सेट असतात. कोटेशन आलं की सगळ्यात आधी ती ओळ बघा.

आता हिशेब

समजा एका पोराने दोन सेटसह ड्रोन पाच लाखाला घेतला. जनरेटर ५० हजार, प्रशिक्षण ४५ हजार, विमा आणि किरकोळ २५ हजार. झाले ६ लाख २० हजार. घरचे सव्वा लाख घातले आणि पाच लाख कर्ज काढलं. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता महिन्याला १० हजार ९०० च्या आसपास बसतो, म्हणजे वर्षाला १ लाख ३० हजार.

भाडं एकरी ४५० धरू. त्यातून खर्च काढा. बॅटरीचा एक सेट ६० हजाराचा आणि तो ४०० उड्डाणं टिकला, तर एकराला १५० रुपये नुसती बॅटरीची झीज. हे पैसे रोज खिशातून जात नाहीत म्हणून कुणी मोजत नाही, पण सेट संपला की एकदम ६० हजार लागतात. जनरेटरचं पेट्रोल ३५. मदतनीसाची हजेरी ६०० रुपये, दहा एकरांवर वाटली तर ६०. गाडीचं तेल तसंच ६०. नोझल, पंखे, किरकोळ दुरुस्ती २५. एकूण ३३०. हातात राहिले एकराला १२०.

खरीप, तूर, हळद आणि हरभरा मिळून वर्षात फवारणीचे दिवस बरेच दिसतात, पण पाऊस, वारा आणि बिघाड वजा केला तर साठ दिवस चांगले धरावेत. साठ दिवस, दहा एकर रोज, म्हणजे ६०० एकर. कमाई ७२ हजार. हप्ता १ लाख ३० हजार. दुसऱ्या वर्षीच्या विम्याचे वीसेक हजार वेगळे, आणि पोराची स्वतःची मजुरी यात कुठेच नाही.

अनुदान मिळालं तर? पाच लाखाच्या ड्रोनवर ४० टक्के म्हणजे दोन लाख आले, ते कर्जात भरले, तरी तीन लाखाचा वर्षाचा हप्ता ७८ हजार होतो. ७२ हजारांत तोही बसत नाही.

आता पाच सेट घेऊन बघू. खर्च १ लाख ८० हजारांनी वाढला, कर्ज ६ लाख ८० हजार झालं, वर्षाचा हप्ता १ लाख ७७ हजार. पण मदतनीस आणि गाडीचा खर्च आता वीस एकरांवर वाटला जातो, म्हणून एकराला १८० उरतात. साठ दिवसांत १,२०० एकर, म्हणजे २ लाख १६ हजार. हप्ता आणि विमा गेला की एकोणीस हजार राहतात. दोन लाख अनुदान हातात आलं तर हप्ता सव्वा लाखावर येतो आणि वर्षाला सत्तर हजाराच्या आसपास सुटतात.

म्हणजे कमी कर्जात धंदा बुडतो, जास्त कर्जात कसाबसा तरतो. शिवाय हे सगळं भाडं रोख मिळालं असं धरून आहे. आपल्याकडे फवारणीचे पैसे सोयाबीन विकल्यावर मिळतात, हप्ता मात्र दर महिन्याला असतो.

अनुदान कुणाला, किती

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात भाडे केंद्र काढणाऱ्या ग्रामीण उद्योजकाला किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ४ लाख; कृषी पदवीधराला ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख अशी तरतूद आहे. उद्योजक दहावी पास आणि ड्रोन पायलटचं प्रमाणपत्र असलेला पाहिजे. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग खरेदी, बिल, तपासणी आणि शेवटी खात्यात पैसे, असा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या ड्रोनला अनुदान नाही. आणि पैसे नंतर येतात, म्हणजे पूर्ण रक्कम आधी तुम्हीच उभी करायची.

प्रमाणपत्राशिवाय उडवणं बेकायदा आहे. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी, आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण. ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा लागतो. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे.

एक चूक, अख्खा हंगाम

हिशेबात न दिसणारा खर्च म्हणजे भरपाई. तो दोन ठिकाणाहून येतो.

पहिला, वाऱ्यावर गेलेलं औषध. ड्रोनचा थेंब बारीक असतो. बांधावरच्या झाडाची पानं नुसती सळसळत असतील तर थांबून बघा. बारीक फांद्या सारख्या हलत असतील तर ड्रोन गाडीतून काढूच नका. सगळ्यात धोक्याचं टू-फोर-डी हे तणनाशक. त्याचा अंश शेजारच्या कपाशीवर गेला, किंवा टाकी नीट न धुता त्याच ड्रोनने कपाशी फवारली, तर काही दिवसांत नवी पानं भेंडीच्या पानासारखी अरुंद, बोटं फुटल्यासारखी येतात. शेजारी ओळखतो आणि दारात येतो. नवीन माणसाने तणनाशकाचं काम घेऊच नये.

दुसरा, टाकीत फुटलेलं औषध. पाठीवरच्या पंपाने एकराला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला आठ-दहा. औषधाचं एकरी प्रमाण मात्र तेच. म्हणजे मिश्रण खूप घट्ट होतं. शेतकरी कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत असं सगळं एकत्र आणून देतो, आणि ते दुधासारखं फाटतं. नोझल तुंबतं, एका बाजूने फवारा पडत नाही, आणि पंधरा दिवसांनी शेतात पट्टे दिसतात. म्हणून आधी बरणीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवायचं. खाली गाळ बसला किंवा गाठी झाल्या तर टाकीत घालायचं नाही. शेतकरी रागावला तरी चालेल.

आणि गिऱ्हाइकाला हेही आधी सांगा, की दाट पिकात ड्रोनचं औषध वरच्या पानांवर जास्त बसतं. बुडाशी, पानाच्या मागे बसलेल्या किडीवर नुसत्या स्पर्शाने मारणाऱ्या औषधाचा गुण कमी येतो.

मग थोड्या कर्जात करायचं काय?

माझं मत असं, की पहिल्या वर्षी ड्रोन नको, प्रमाणपत्र घ्या. ४०-५० हजाराचं काम आहे. मग ज्यांच्याकडे ड्रोन आहे पण काम कमी आहे, अशा बचत गटाशी किंवा शेतकरी कंपनीशी बोला. दीदी योजनेत गटाच्या ताईच पायलट असतात, त्यांची जागा घ्यायची नाही. पण पेरणी-काढणीच्या दिवसांत घर आणि शेत सोडून परगावी जायला, गाडी आणायला, पाणी भरायला, गावोगाव एकर गोळा करायला त्यांना माणूस लागतो. तुमची गाडी आणि तुमची बुकिंग, त्यांचा ड्रोन आणि बॅटऱ्या. एकरी शंभर रुपये तुमचा वाटा ठरला आणि ६०० एकर जमवले, तर साठ हजार होतात. त्यातून तेल गेलं तरी डोक्यावर हप्ता नाही. वाटा आणि बिघाडाचा खर्च कुणाचा, हे स्टॅम्पवर लिहून घ्या. तुम्ही उडवणार असाल तर विम्याला ते चालतं का, हेही विचारा.

त्या हंगामात एक वही ठेवा. तारीख, गाव, शेतकरी, एकर, पैसे मिळाले की उधार, आणि काम बंद राहिलं तर कशामुळे. हंगामाच्या शेवटी वहीत हजार एकर असतील आणि निम्म्याच्या वर पैसे रोख आले असतील, तर पूर्वसंमती घ्या, पाच सेटचं कोटेशन मागवा आणि तीच वही घेऊन बँकेत जा. वहीत चारशेच एकर असतील, तर पाच लाखाचं कर्ज वाचलं असं समजा.