विलंबाची किंमत कोणी मोजावी?

नगर शहराच्या जुन्या भागातील, माळीवाडा-नालेगाव परिसरातील, वाडे एकामागून एक पुनर्विकासाला निघत आहेत. घर रिकामे करण्यापूर्वी भाडेकरू विकसकाला पत्र लिहितो. या पत्राचा सूर बहुधा अर्जाचा असतो: 'पर्यायी घरभाड्याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' वस्तुतः येथे सहानुभूतीचा प्रश्नच नाही. पर्यायी घरभाडे ही मेहेरबानी नसून विलंबाची किंमत आहे, आणि ती कोणी मोजायची हे करारातील दोन-चार शब्दांवर ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा भाडेकरूंचा वाडा आहे. विकसक प्रत्येकाला दरमहा ९,००० रुपये 'चोवीस महिन्यांपर्यंत' देणार आहे. म्हणजे प्रत्येकाच्या हाती एकूण २,१६,००० रुपये येतील. परंतु इमारतीला तीन वर्षे लागली आणि सावेडी वा केडगावातील घरमालकाने दरवर्षी दहा टक्के भाडे वाढविले, तर छत्तीस महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च ३,५७,४८० रुपये होतो. उरलेले १,४१,४८० रुपये कारकून वा शिक्षक आपल्या पगारातून भरणार. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपून पुन्हा घर बदलावे लागले, तर दलाली आणि टेम्पोचा खर्च वेगळाच.

विकसकाच्या बाजूने हेच गणित पाहावे. चोवीस महिने उलटले की दहा कुटुंबांचा विलंब त्याला फुकट पडतो. त्याऐवजी 'नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत, दरवर्षी दहा टक्के वाढीसह' असे शब्द असतील, तर तिसऱ्या वर्षी प्रत्येक महिना त्याला १,०८,९०० रुपयांना पडतो. घाई कोणाला असावी, हे शब्दच ठरवितात.

मात्र शब्दांमागे पैसा हवा. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी २००८ साली विकसक, म्हाडा व रहिवाशांची संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार झाला होता. चटईक्षेत्र इतर विकसकांना विकले गेले, पुनर्वसनाच्या इमारती अपुऱ्या राहिल्या आणि पुढे भाडेही थांबले. २०१८ साली म्हाडाने विकसकाचा करार रद्द केला. रखडलेले काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडले. तेथे करार होता. तरीही भाडे थांबले.

सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी शासनाच्या २०१९ च्या निर्देशात प्रकल्पखर्चाच्या वीस टक्क्यांची बँक हमी आणि दोन, फार तर तीन वर्षांची मुदत सांगितली आहे. वाड्यातील भाडेकरूंची बहुधा अशी संस्था नसते. १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा पुनर्बांधणीनंतर जागा मिळण्याचा त्यांचा हक्क मानतो. मधल्या काळातील घरभाड्याचा दर तो ठरवून देत नाही. म्हणून सारी भिस्त करारावर, आणि करार घडविणाऱ्या त्या पत्रावर आहे.

ते पत्र साधारणपणे असे असावे:

'स.न.वि.वि. महापालिकेची बांधकाम परवानगी हाती आल्यावर आणि करार नोंदणीकृत झाल्यावरच आम्ही किल्ल्या देऊ. घरभाडे किल्ल्या दिल्याच्या तारखेपासून, भोगवटा प्रमाणपत्रासह नवे घर ताब्यात मिळेपर्यंत, दरवर्षी दहा टक्के वाढीसह द्यावे. सामान हलविण्याचा खर्च जाताना व परत येताना, असा दोन वेळा द्यावा. बारा महिन्यांच्या भाड्याइतकी बँक हमी द्यावी. भाडे दोन महिने थकल्यास ती वटविण्याचा अधिकार आम्हांस असावा. बांधकामाची मुदत चोवीस महिने असावी. कळावे.'

यातील पहिले वाक्य सर्वांत मोलाचे आहे. पुष्कळदा कुटुंबे आधी बाहेर पडतात आणि नकाशाची मंजुरी मागाहून रेंगाळते. रिकामा वाडा पाडला गेला की भाडेकरूच्या हातातील एकमेव तारण, म्हणजे प्रत्यक्ष ताबा, संपते. मुदत 'काम सुरू झाल्यापासून' मोजायची असे लिहिले असेल, तर काम सुरू न होणे हाही विकसकाचा बचाव ठरतो. त्याचप्रमाणे 'बांधकाम पूर्ण' म्हणजे भोगवटा नव्हे. प्रमाणपत्राविना राहावयास गेलेल्याचे भाडे बंद होते. घर मात्र कायदेशीर होत नाही.

लहान विकसकाजवळ भांडवल अल्प असते, महापालिकेचा विलंब त्याच्या हाती नसतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मंजुरीपर्यंत रहिवासी वाड्यातच राहणार असल्याने त्या काळाचे भाडे त्याच्यावर पडतच नाही. दहा कुटुंबांच्या वर्षभराच्या भाड्याची हमी १०,८०,००० रुपयांची होते. इमारत उभारू पाहणाऱ्याला एवढीही हमी देणे जड जात असेल, तर त्याच्या भरवशावर घर मोडावे काय, याचा निर्णय किल्ल्या देण्यापूर्वीच करावयास हवा. वाडा धोकादायक म्हणून महापालिकेने रिकामा करण्यास फर्माविले, तर हे थांबणे शक्य नसते. म्हणून नोटीस येण्यापूर्वीच, दहाही कुटुंबांच्या सहीने, हे पत्र गेले पाहिजे.