पंखा मोठा करावा की अँपिअर कमी करावे?

विजेवरच्या स्कूटरची बॅटरी थंड ठेवायला पंखा पुरतो की द्रव खेळवणाऱ्या थंड पट्ट्या हव्यात, हा वाद घालणारे दोघेही सेन्सरचा आकडा पुढे करतात. सेन्सर मात्र सेलच्या बाहेरच्या पत्र्यावर चिकटवलेला असतो. उष्णता तयार होते आतल्या गुंडाळलेल्या थरांत, आणि सर्वांत जास्त तापतो तो गाभा. म्हणून आधी गाभ्याचा हिशेब करू.

चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार धरू, हवा 45 अंश सेल्सिअस. बॅटरीत 18650 जातीचे 140 सेल आहेत: 18 मिलिमीटर व्यास, 65 मिलिमीटर लांबी, क्षमता अडीच अँपिअर-तास, अंतर्गत रोध 30 मिलिओहम. सिरीजमध्ये 14 गट, प्रत्येक गटात 10 सेल पॅरलल. सामान लादलेली स्कूटर सतत अडीच किलोवॅट ओढत असेल, तर दर सेलमधून 5 अँपिअर जातात. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केला की सेलमागे पाऊण वॅट उष्णता येते. हे किरकोळ वाटेल, पण सगळ्या बॅटरीचे मिळून 105 वॅट होतात.

ही उष्णता बाहेर पडताना तीन चढ चढते. पहिला हवेचा. सेकंदाला सुमारे 19 लिटर हवा फिरवली, तर बाहेर पडेपर्यंत ती 5 अंशांनी तापते. म्हणजे शेवटच्या ओळीतल्या सेलना 50 अंशांची हवा मिळते. दुसरा चढ हवा आणि पत्रा यांच्यातला. पंखा चांगला असेल तर तो साधारण 7 अंशांचा, आणि हवा स्थिर असेल तर 29 अंशांपर्यंत जाऊ शकतो. पंखेवाल्यांची बाजू इथे भक्कम आहे.

तिसरा चढ पत्र्यापासून गाभ्यापर्यंतचा, आणि खरा घोळ तिथेच आहे. एका सेलची उष्णता भागिले चार पाय गुणिले उष्णतावहन गुणिले लांबी, असे ते साधे सूत्र. पण त्रिज्येच्या दिशेचे वहन किती धरायचे? काही प्रयोगांत ते मीटर-केल्विनमागे 0.2 वॅटच्या आसपास मोजले गेले आहे, तर अनेक जण हिशेबात सरळ 1 धरतात. 1 धरले तर गाभा पत्र्यापेक्षा जेमतेम 1 अंशाने गरम ठरतो, 0.2 धरले तर साडेचार अंशांनी. माझ्या मते सुरक्षिततेचा हिशेब करताना लहान आकडाच धरावा. लांबीच्या दिशेने हे वहन शंभर पटींच्या घरात जास्त असते. सेलच्या टोकाला थंड पट्टी लावा, असे म्हणणाऱ्यांचा आधार तोच.

45 मध्ये 5, 7 आणि साडेचार मिळवले की शेवटच्या ओळीचा गाभा 61-62 अंशांवर जातो. बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात डिस्चार्जची मर्यादा 60 अंश असते, आणि सेन्सर तर 57 दाखवून निर्धास्त करतो. इतका पंखा असेल तर सेल पंधरा-वीस मिनिटांतच या तापमानाच्या बऱ्याच जवळ पोहोचतो, त्यामुळे ‘अर्ध्या तासात चार्ज संपतोच की’ ही सबब चालत नाही.

मग पंखा दुप्पट करा, असे कोणी म्हणेल. हवेचा चढ अडीच अंशांवर येतो, पत्र्याचा साडेचारवर, पण गाभ्याचा तसाच राहतो. एकूण लाभ साधारण 5 अंशांचा. दुप्पट हवा ढकलायला मात्र दाब जवळपास चौपट लागतो आणि वीज आठपट. पंख्याच्या खोक्यावरचा आकडाही मोकळ्या हवेतला असतो. सेलच्या दाट रांगांतून प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी हवा जाते.

तोच लाभ प्रवाह 5 वरून 4 अँपिअरवर आणूनही मिळतो. उष्णता वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तिन्ही चढ एकदम कमी होतात आणि गाभा 56 अंशांच्या आसपास थांबतो. पंखा वाढवण्याआधी कंट्रोलरला हे शिकवावे, असे मला वाटते. हे फुकट मात्र नाही: ऑर्डरमागे पैसे मिळवणाऱ्या डिलिव्हरीवाल्याची गाडी ऐन दुपारी मंदावते, आणि हे त्याला गाडी विकत घेतानाच सांगायला हवे.

उड्डाणपुलावर 8 अँपिअर सतत लागत असतील, तर उष्णता अडीच पटींहून जास्त होते आणि गाभा 80 च्या वर जातो. तिथे पंखा दुप्पट करूनही निभत नाही. थंड पट्टीचा खर्च रास्त ठरतो. चार्जिंगच्या वेळीही पंख्याची मर्यादा कळते. अनेक सेलना 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असे लिहिलेले असते, आणि 45 अंशांची हवा सेलला त्याखाली आणू शकत नाही. तेव्हा चार्जिंग रात्री करावे.

हा सगळा हिशेब नव्या सेलचा आहे. रोध 30 वरून 45 मिलिओहम झाला की उष्णता दीडपट होते. ते ओळखायला सेल फोडावा लागत नाही: हवेचा प्रवाह आणि आत-बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक मोजला की बॅटरी किती वॅट ओकते आहे हे कळते. फरक 5 ऐवजी साडेसात अंश आला, तर एक तर सेल म्हातारे झाले आहेत किंवा जाळीत धूळ बसली आहे. जाळी झाडून पुन्हा मोजावे.